गोळीच्या मध्यापासूनचं अंतर

ही गेल्याला दोन महिने झाले तेव्हा मी कामावर परत रुजू झालो. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये लेथकडे बघावं, एवढाच विचार होता. मी भौतिकशास्त्र विभागाचा मिस्त्री. पाइप जोडणं, सील बसवणं, हवा काढायचे पंप उघडून साफ करणं, प्रयोगाला लागेल ती वस्तू कापून-घासून देणं, हे माझं काम. ही त्याच विभागात प्राध्यापक होती. लग्नानंतरही ती मला मिस्त्रीच म्हणायची, घरीदेखील. "मिस्त्री, चहा ठेवतोस का?" पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आम्हाला कधी वाटलं नाही.

रुजू झालो त्याच आठवड्यात काडी वर्कशॉपमध्ये आली. काडी म्हणजे हिच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. अंगाने अगदीच बारीक म्हणून हिनेच ते नाव ठेवलं होतं आणि पुढे सगळ्यांनी उचललं. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

"काका, पेपर तयार झालाय. पाठवायच्या आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मॅडम म्हणायच्या, तुम्हाला सगळं कळतं, तुम्ही फक्त कबूल करत नाही."

मी कागद चाळले. शेवटच्या पानावर आभार होते. तिथे हिचं नाव होतं. पहिल्या पानावर नव्हतं.

"हे असं का?" मी विचारलं.

काडीने खाली बघितलं. "सर म्हणाले. मॅडमनी शेवटी घेतलेली मोजणी पेपरात धरता येत नाही. ती जमत नाही. आणि ती काढली की या पेपरात मॅडमचं स्वतःचं असं काही उरत नाही. सर म्हणाले, आजारपणात घेतलेले आकडे आहेत, त्यांचा मान राखायचा तर ते न छापणंच बरं."

सर म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. हिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, हिच्याकडूनच बरंच शिकलेला. पण ते वाक्य मला लागलं. त्यातली दया जास्त लागली.

"ते आकडे मला दे," मी म्हणालो. "वहीची झेरॉक्स चालेल."

ती मोजणी कशाची होती ते सांगायला हवं. मला हिने जसं समजावलं होतं तसंच सांगतो.

रिकाम्या जागेत एक विद्युतभारित गोळी ठेवली तर तिचं विभव, म्हणजे साध्या भाषेत तिचा व्होल्टेजचा प्रभाव, अंतर दुप्पट केलं की निम्मं होतं. तिप्पट केलं की एक तृतीयांश. हा कूलॉमचा साधा नियम. विभव हळूहळू कमी होतं, लांबपर्यंत पुरतं. पण तीच गोळी प्लाझ्मात ठेवली की तसं होत नाही. प्लाझ्मा म्हणजे वायू, ज्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेत. ऋणभार मोकळे हिंडतायत, धनभारही हिंडतायत. त्यात धनभारित गोळी ठेवली की इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढले जातात आणि धन आयन थोडे दूर ढकलले जातात.

"म्हणजे इलेक्ट्रॉन येऊन गोळीला चिकटतात," मी म्हणालो होतो. आम्ही भाजी निवडत होतो.

"काही पोचतात, पण गोळीचा प्रभाव झाकतात ते वेगळेच. ते चिकटत नाहीत, थांबतसुद्धा नाहीत. गरम असतात ना, पळतच असतात. फक्त पळता पळता गोळीच्या आसपास थोडे जास्त सापडतात. इतकंच."

"थोडेच जास्त, मग काय बिघडलं?"

"हिशेब कर ना. तू गोळीपासून लांब उभा आहेस. तुझ्या आणि गोळीच्या मध्ये हा जास्तीचा ऋणभार आहे. तुला एकटी गोळी जाणवत नाही. गोळी आणि तिच्याभोवतीचा हा ढग, दोन्ही मिळून जे उरतं ते जाणवतं. जितका लांब जाशील तितका ढग जास्त तुझ्या आणि तिच्यामध्ये येतो. शेवटी काही उरतच नाही."

"पण कूलॉमपेक्षा नक्की किती लवकर?"

"प्रत्येक ठिकाणी जास्तीचे इलेक्ट्रॉन किती, तर तिथे जितकं विभव उरलंय त्या प्रमाणात. म्हणून ते व्याजासारखं उलटं चालतं. कूलॉमचं जे एक भागिले अंतर, ते आहेच. त्याच्यावर आणखी एक घट. ठरावीक अंतर पुढे गेलं की ठरावीक पटीने कमी. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तेवढ्याच पटीने. पुस्तकात त्याला डिबाय लेंग्थ म्हणतात. मी झाकण्याचं अंतर म्हणते. प्लाझ्मा गरम असला तर ते वाढतं, कारण गरम इलेक्ट्रॉन सहजी गोळा होत नाहीत. दाट असला तर कमी होतं."

"आणि हे खरं आहे हे बघायचं कसं?"

"तू प्रत्येक ठिकाणचं विभव अंतराने गुणायचं. कूलॉमचा भाग गेला. मग जे उरतं ते दर पाच मिलिमीटरला सारख्याच पटीने कमी होतंय का, बघायचं. होत असेल तर झालं. भाजीकडे लक्ष दे, किडका देठ टाकलास त्यात."

हे हिचं बोलणं. मला पाठ आहे.

त्या मोजणीसाठी गोळी मीच बनवली होती. स्टीलची, दहा मिलिमीटर व्यासाची, म्हणजे त्रिज्या पाच. चिनी मातीच्या बारीक नळीवर चेंबरच्या मधोमध बसवलेली. चेंबरमध्ये अगदी विरळ आर्गॉन. गोळीला दोनशे मिलिव्होल्ट, जास्त नाही. "जोरात ढकललं तर नियमच बदलतो, हळूच टोचायचं," असं ती म्हणायची. विभव मोजायला एक तापलेली बारीक तार. ती एका दांड्याच्या टोकाला. दांडा चेंबरच्या भिंतीतून सीलमधून बाहेर येतो आणि बाहेर त्याला काटा आहे, काट्याखाली पोलादी मोजपट्टी. दांडा आत-बाहेर सरकवला की तार गोळीच्या जवळ-लांब जाते आणि पट्टीवर अंतर वाचता येतं. पट्टी मागेपुढे सरकवून एका स्क्रूने पक्की करता येते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी ती झेरॉक्स घेऊन बसलो. हिचं अक्षर त्या दिवसाचं आहे हे कळत होतं. ओळी उतरत गेल्या होत्या. पण आकडे स्वच्छ. एका रकान्यावर लिहिलं होतं, "मध्यापासून अंतर, मिमी." शेजारी मिलिव्होल्ट. दोन मिलिमीटरवर १०९. पाचवर ५१. दहावर १८. पंधरावर ७.

मी गुणाकार केले. दोन गुणिले १०९, २१८. पाच गुणिले ५१, २५५. दहा गुणिले १८, १८०. पंधरा गुणिले ७, १०५.

पहिलाच आकडा दुसऱ्यापेक्षा लहान. म्हणजे गुणाकार आधी चढतो, मग उतरतो. असं व्हायलाच नको. सर बरोबर बोलले होते, जमत नव्हतं.

मला इस्पितळ आठवलं. शेवटचे तीन आठवडे ही वही तिच्या मांडीवर असायची. "पहिले चार मिलिमीटर चुकतायत, मिस्त्री. तार जवळ गेली की काहीतरी बिघडवतेय." एकदा विचारलं, "तारेला करंट जास्त दिला होता का रे?" एकदा म्हणाली, "इलेक्ट्रॉनचं तापमानच मी चुकीचं काढलं असणार." काडीला बोलावून तापमानाचा हिशेब दोनदा करून घेतला. नर्स वही काढून घ्यायची आणि ही परत मागायची. नंतर मागायचीही थांबली.

मी त्या चार आकड्यांकडे बघत बसलो. दोन मिलिमीटर. मध्यापासून दोन मिलिमीटर.

गोळीची त्रिज्या पाच आहे. मध्यापासून दोन मिलिमीटर म्हणजे तार गोळीच्या पोटात.

हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. काडीच्या नाही, सरांच्या नाही, हिच्याही नाही. कागदावर नुसतं अंतर दिसतं, गोळी दिसत नाही. मला दिसली, कारण ती मी घासली होती.

शून्य लावण्याची हिची एक रीत होती. तार हळूच पुढे सरकवायची, गोळीला टेकली की मीटर पी करून वाजतो. तिथे थांबायचं. मग मोजपट्टी सरकवून काट्याखाली पाच आणायचे, शून्य नाही. म्हणजे पुढचं प्रत्येक अंतर आपोआप गोळीच्या मध्यापासूनचं होतं. हे काम ती कुणालाही करू देत नसे. त्या दिवशी मात्र तिला वाकता येत नव्हतं. ती खुर्चीत बसून होती, अंगावर माझा स्वेटर. शून्य मी लावलं होतं.

मी पट्टी पाचवर नेली होती का?

आठवेना. त्याआधीचे दोन महिने मी दुसऱ्या एका मुलाच्या प्रयोगाला शून्य लावून देत होतो. त्याच्याकडे सपाट पत्रा होता. पत्र्याला मध्य कसला, टेकलं की शून्य. हाताला तेच वळण पडलेलं. त्या दिवशी माझं सगळं लक्ष हिच्याकडे होतं. तिला उलटी होईल म्हणून मी बादली शोधत होतो. पट्टी पाचवर नेल्याचं आठवत नाही. न नेल्याचंही नाही.

मी प्रत्येक अंतरात पाच मिळवले. सात गुणिले १०९, ७६३. दहा गुणिले ५१, ५१०. पंधरा गुणिले १८, २७०. वीस गुणिले ७, १४०. शेवटचे तीन पाच-पाच मिलिमीटरच्या टप्प्यावर होते. ५१० चे २७०, २७० चे १४०. दर टप्प्याला निम्म्याच्या जवळपास.



सोमवारी सकाळी ऑफिसात किल्लीच्या वहीत सही करून मी प्रयोगशाळेची किल्ली घेतली. मी रजेवर गेल्यापासून ती तिथेच टांगलेली होती. त्या चेंबरला कुणी हात लावला नव्हता, पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या गटाला जायचं होतं. बाहेरच्या व्हरांड्याच्या भिंती खरवडून रंगवल्या होत्या आणि फटीतून आलेली पांढरी धूळ सगळ्यावर बसली होती. चेंबरवर, पट्टीवर, स्क्रूवर.

मी एकटाच होतो. पंधरा मिनिटांत बाकीचे येणार होते. तो स्क्रू माझ्यासमोर होता, अर्धा फेरा फिरवला की पट्टी सुटते. तार टेकवल्यावर पट्टी पाचवर निघाली तर शून्य मी बरोबर लावलं होतं असं ठरलं असतं. मग हिची मोजणी खरोखरच चुकली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच कामात चूक निघावी म्हणून इच्छा करत होतो. आणि ती निघेलच अशी सोय करणं माझ्या हातात होतं. कुणाला कळलं नसतं. मी हात पुढे नेला, स्क्रूच्या अगदी जवळ.

हिच्या प्रयोगात मी कधी एक आकडाही बदलला नव्हता. मी हात मागे घेतला, बाहेर येऊन व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलो. काडी आली तशी किल्ली तिच्या हातात दिली.

सर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पाच मिळवले की जमतं, मान्य. पण मी सात मिळवले तरी आलेखाची रेघ जवळजवळ सरळच दिसेल. चार-पाच आकड्यांत तेवढी जागा असते. तुम्ही त्यांचे यजमान. उद्या कुणी म्हणालं, की मिस्त्रींनी बायकोसाठी पाच मिलिमीटर शोधून काढले, तर मी काय सांगू?"

"सर, काही सांगू नका. तार गोळीला टेकवा आणि पट्टीवर काय दिसतं ते वाचा."

"पट्टी तशीच आहे?"

"त्या दिवसापासून."

"किल्ली कुणाकडे होती?"

"ऑफिसात. आज सकाळी मी घेतली."

"आत गेला होतात?"

"गेलो होतो. पाच मिनिटं. हात लावला नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही. काडी तोवर चेंबरपाशी वाकली होती.

"सर, धूळ बघा," ती म्हणाली. "स्क्रूवर अख्खा थर आहे. पट्टीच्या कडेलाही. सरकली असती तर इथे रेघ उमटली असती." तिने आधी फोनवर दोन फोटो काढले, मग मीटर जोडला. मी मागे उभा राहिलो.

"काका, दांडा तुम्ही सरकवा."

"नको. तू कर. हळू. टेकली की वाजेल."

काडीने दांडा आत सरकवला. काटा पट्टीवरून चालला होता. दहा. आठ. सहा. सहा ते पाच हा प्रवास मला फार लांब वाटला. पाचवर मीटर वाजला नाही. चारवर नाही. तीन, दोन, एक. मग पी असा बारीक आवाज आला आणि काडीने हात काढला.

सर वाकले, चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी वाचलं. काडीने वाचलं. मग मी.

"शून्य," सर म्हणाले.

मला खुर्ची दिली त्यांनी. मी बसलो. माझ्यावरचा दगड उतरला असं मला वाटलं, पण फार थोडा वेळ. लगेच दुसरं समजलं. ही तीन आठवडे त्या वहीशी झगडत होती. तापमानावर तिने शंका घेतली, तारेवर घेतली, स्वतःच्या डोक्यावर घेतली. "औषधांनी माझी अक्कल गेली रे," असं म्हणाली होती. मी रोज तिच्या शेजारी बसून होतो. एकदा जरी तिने विचारलं असतं, मिस्त्री, पट्टी पाचवर नेली होतीस ना, तर मी दहा मिनिटांत इथे येऊन बघितलं असतं. तिने विचारलं नाही. शून्य मी लावलंय म्हटल्यावर ते बरोबरच असणार, असं ती धरून चालली होती. आणि आपण शेवटचं काम बिघडवलं असं समजून गेली.

हे मी सरांना बोललो नाही. त्यांना बहुतेक कळलं असावं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि काडीला म्हणाले, "दुसरी मोजणीही आहे ना त्याच दिवसाची? घनता चौपट केलेली?"

"आहे. तीसुद्धा वाकडीच होती म्हणून ठेवून दिली होती."

"तीच खरी परीक्षा. घनता चौपट म्हणजे झाकण्याचं अंतर निम्मं यायला पाहिजे, तापमान तेच असेल तर. आणि पाच तेच. इथे पाच आणि तिथे सहा असं चालणार नाही."

काडीने लॅपटॉप उघडला. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. पहिल्या मोजणीतून झाकण्याचं अंतर साडेसात-पावणेआठ मिलिमीटर आलं. तापमान आणि घनता वेगळी मोजून जे काढलं होतं ते साडेसात होतं. आधी ती वाकडी रेघ ओढूनताणून सरळ धरली की पंधरा-सोळाच्या आसपास यायचं, आणि म्हणून कुणाचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या मोजणीतून, तेच पाच मिळवून, पावणेचारच्या जरा खाली आलं.

"त्यांनी दोन्ही बरोबर मोजलं होतं," सर म्हणाले. "अशा तब्येतीत मिलिव्होल्टपर्यंत."

"पहिल्या पानावर नाव येईल ना, सर?" काडीने विचारलं.

"पहिलं नाव येईल. आणि एक वाक्य घालायचं. अंतराचं शून्य गोळीच्या पृष्ठभागावर लागलं होतं, नंतर तपासून त्रिज्या मिळवली आहे."

"कुणी लावलं तेही घाला," मी म्हणालो.

"त्याची गरज नाही, मिस्त्री."

"नुसतं लागलं होतं म्हटलं की वाचणाऱ्याला वाटेल तिनेच लावलं. तंत्रज्ञाने लावलं होतं, असं लिहा."

सरांनी मान हलवली.

वही दुरुस्त करायची राहिली होती. प्रयोगशाळेतल्या वहीत खोडायचं नसतं. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, तारीख घालायची, आणि ज्याची चूक त्याने सही करायची. काडीने मूळ वही माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं. तिने हे काम स्वतः करायचं म्हटलं नाही, ते बरं केलं.

"मध्यापासून" हा शब्द हिच्या हातचा होता. 'म' जरा मोठा, शिरोरेघ पुढे ओढलेली. तिला जे खरं वाटत होतं तेच तिने लिहिलं होतं. मी पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं.

"काका, पट्टी देऊ?" काडीने विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि हातानेच रेघ मारली. शेजारी लिहिलं, पृष्ठभागापासून. त्याखाली तारीख. त्याखाली माझी सही. मग वही काडीकडे सरकवली आणि म्हटलं, "आता पुढचा रकाना आख. पाच मिळवून. मी आकडे वाचतो, तू लिही."

तिने रकाना आखला. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोन आणि पाच, सात," मी म्हणालो. "लिही."